बचत खात्यातले पैसे महागाई कशी पोखरते आणि त्यावर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या काउंटरवर बरीच वर्षं काढल्यामुळे ओळखीचे लोक अजूनही पैशांचे प्रश्न मलाच पाठवतात. गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला, हेही एक कारण. दर आणि नियम २०२५ च्या अखेरचे आहेत. ते बदलत असतात, त्यामुळे पैसे हलवण्याआधी त्या दिवशीचा दर बघून घ्या.

१. खात्यातली रक्कम दर तिमाहीला वाढतेच आहे. मग पैसे कमी होतात म्हणजे नेमकं काय होतं?

रुपये वाढतात, पण त्या रुपयांत येणारा माल कमी होतो. समजा, तुमच्या खात्यात १ लाख आहेत आणि तेलाचा डबा २,००० रुपयांना मिळतो. म्हणजे तुमच्याकडे ५० डब्यांचे पैसे आहेत. वर्षभरात २.५ टक्के व्याज धरून खात्यात साधारण १,०२,५०० झाले. तेवढ्यात डबा ५ टक्क्यांनी महागून २,१०० वर गेला. आता भागाकार करा: ४८ डबे येतात आणि वर सतराशे उरतात. पासबुकात रक्कम वाढली आणि कोठीत जवळपास सव्वा डबा कमी पडला.

काउंटरवर मी हे रोज पाहायचो. एसएमएसचे १८ रुपये कापले म्हणून रांगेत उभे राहून भांडणारे गृहस्थ त्याच खात्यात सहा लाख वर्षानुवर्षं ठेवायचे. त्या सहा लाखांवर वर्षाला पंधरा हजारांची घट होत असे, पण ती पासबुकात छापून येत नसे. जे छापून येत नाही त्यावर कोण भांडणार?

२. खऱ्या आकड्यांवर एक हिशोब दाखवाल का?

एप्रिल २०२० ते मार्च २०२५ ही पाच वर्षं घेऊ. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर या काळात जवळजवळ सगळा वेळ २.७० टक्के होता. सुरुवातीला ५ लाख ठेवले आणि हात लावला नाही, तर व्याजावर व्याज धरून पाच वर्षांनी साधारण ५ लाख ७२ हजार झाले.

आता महागाई. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार देशातली सरासरी महागाई या पाच आर्थिक वर्षांत अनुक्रमे ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. हे आकडे नुसते बेरजेत घ्यायचे नाहीत, कारण दुसऱ्या वर्षाची वाढ पहिल्या वर्षाच्या वाढलेल्या भावावर बसते. म्हणून १.०६२ गुणिले १.०५५ गुणिले १.०६७ असं पुढे गुणत जायचं. उत्तर येतं सुमारे १.३२. म्हणजे २०२० मध्ये ५ लाखांत जे येत होतं, त्यासाठी २०२५ मध्ये ६ लाख ५९ हजार लागतात.

हातात आहेत ५ लाख ७२ हजार. तूट ८७ हजारांची. उलट बाजूने पाहायचं तर तुमच्या ५ लाखांत २०२० च्या भावाने फक्त ४ लाख ३४ हजारांची ताकद उरली. हा हिशोब व्याजावरचा कर न धरता आहे. कराचं गणित प्रश्न ८ मध्ये येतं.

स्वतःसाठी करायचा असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे. एका वर्षापुरतं मात्र व्याजदरातून महागाईचा दर नुसता वजा केला तरी चालतं.

३. महागाई वाढली की एफडीचे दर वाढतात. बचत खात्याचा दर का वाढत नाही?

कारण बँकेला तो वाढवायची गरज पडत नाही. बचत खात्याचा दर ऑक्टोबर २०११ पर्यंत रिझर्व्ह बँक ठरवायची. त्यानंतर तो बँकांवर सोडला. वाटलं होतं की स्पर्धा होईल आणि ठेवीदाराचा फायदा होईल. मोठ्या बँकांत तसं फारसं झालं नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. घरकर्जाचे हप्ते लगेच वाढले, एफडीचे दरही मागोमाग वाढले. स्टेट बँकेत सामान्य बचत खात्याचा दर तेव्हाही २.७० टक्केच होता. पुढे २०२५ मध्ये रेपो उतरायला लागला तेव्हा मात्र बचत खात्याचा दरही खाली आला आणि जूनमध्ये २.५० टक्के झाला. बड्या खासगी बँकांनीही त्याच सुमारास तोच दर केला.

एफडी करणारा माणूस चार बँकांचे दर विचारतो आणि पाव टक्क्यासाठी बँक बदलतो. बचत खातं मात्र पगार, गॅसचं अनुदान, विम्याचा हप्ता, यूपीआय या सगळ्याला बांधलेलं असतं. ते कोणी दरासाठी हलवत नाही, हे बँकेला पक्कं ठाऊक आहे. आमच्या शाखेत टार्गेटच्या बैठकीत सगळा जोर ‘कासा’वर, म्हणजे चालू आणि बचत खात्यांतल्या शिल्लकीवर असायचा. बँकेसाठी तो सर्वांत स्वस्त पैसा. तुमच्याकडून अडीच टक्क्यांनी घ्यायचा आणि शेजारच्याला साडेआठ टक्क्यांनी घरासाठी द्यायचा. यात लबाडी काही नाही, धंदा आहे. आपला पैसा त्यात किती पडून ठेवायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

४. सरकारी महागाई ५ टक्के, पण माझा खर्च त्याहून कितीतरी वाढलाय. कोणता आकडा धरायचा?

सरकारी आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या घराचा नसतो. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वजन जवळपास ४६ टक्के धरलं होतं. देशातलं सरासरी घर तसं होतं. पुण्यात किंवा ठाण्यात दोन मुलांची फी, आरोग्यविमा आणि घरभाडं भरणाऱ्या घराचा खर्च वेगळ्याच खात्यांवर जातो. तिथे कांदा स्वस्त झाल्याचा आनंद फीच्या पहिल्या हप्त्यात संपतो.

स्वतःचा दर काढायचा असेल तर दोन वर्षांच्या एकाच महिन्याची बिलं समोर ठेवा. जून घेतलात तर फी त्यातच येते. ज्या गोष्टी दोन्ही वर्षी सारख्याच घेतल्या तेवढ्याच लिहा: किराणा, दूध, वीज, फी, विम्याचा हप्ता, कामवाल्या मावशींचा पगार. दोन बेरजांमधला फरक म्हणजे तुमच्या घरची महागाई.

इथे एक चूक हमखास होते. नवा एसी बसवला म्हणून वाढलेलं विजेचं बिल महागाईत धरलं जातं. तो खर्च तुम्ही वाढवलाय, भाव नव्हे. आरोग्यविम्याचंही थोडं तसंच आहे. हप्ता वय वाढल्यामुळेही वाढतो, पण तो टाळता येत नाही, म्हणून मी तो धरतो. एवढं करायचं नसेल तर लांबच्या नियोजनासाठी ६ टक्के धरून चाला. या दराने भाव साधारण बारा वर्षांत दुप्पट होतात.

५. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्के होती. तेव्हा बचत खातं फायद्यातच होतं की!

हो, होतं. २०२५ च्या उत्तरार्धात काही महिने महागाईचा दर अडीच टक्क्यांच्या खाली होता आणि त्या काळात बचत खात्यानेही भावांना मागे टाकलं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ०.२५ टक्के याचा अर्थ आधीच्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा भाव एवढेच वाढले. २०२० पासून जे ३२ टक्के चढले ते खाली आले नाहीत. शिवाय त्या घसरणीत भाज्यांचा आणि डाळींचा वाटा मोठा होता. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत भाज्या फार महाग होत्या, म्हणून तुलनेत आकडा खाली दिसला. रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं लक्ष्यच ४ टक्क्यांचं आहे, दोन टक्के वर किंवा खाली. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राहावी, अशीच व्यवस्था आहे. अडीच टक्के देणारं खातं त्या व्यवस्थेत मागेच पडणार.

६. मग बचत खात्यात किती ठेवायचे?

बचत खातं हे पाकीट समजा. महिन्याभराचा खर्च, त्यावर पंधरा दिवसांची उसंत, आणि पुढच्या महिन्याभरात ठरलेली मोठी देणी. घरखर्च ४०,००० असेल तर साठ हजार पुरतात. पगार अनियमित असेल किंवा दुकान असेल तर दोन-तीन महिन्यांचं ठेवा.

अडीनडीचा पैसा, म्हणजे तीन ते सहा महिन्यांचा खर्च, वेगळा ठेवायचा. तो लगेच मिळायला हवा, पण बचत खात्यातच बसायला हवा असं नाही. त्याची जागा प्रश्न ७ मध्ये.

एक जुनी सवय अजून दिसते. लोक महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरायला धावतात, ‘नाहीतर महिन्याचं व्याज बुडेल’ म्हणून. तो नियम १ एप्रिल २०१० ला गेला. तेव्हापासून बचत खात्यावर रोजच्या शिल्लकीवर व्याज मिळतं.

७. ऑटो स्वीप म्हणजे काय? ते घेतलं की प्रश्न मिटला ना?

ठरावीक मर्यादेच्या वरची रक्कम आपोआप एफडीत जाते आणि खात्यात कमी पडली की आपोआप परत येते, ती सोय. बँकेनुसार नाव वेगळं असतं. कुठे स्वीप-इन म्हणतात, कुठे एमओडी, कुठे फ्लेक्सी.

समजा, खात्यात ३,४०,००० आहेत आणि मर्यादा ५०,००० ची आहे. मग २,९०,००० ची ठेव बनते. रात्री दोन वाजता हॉस्पिटलने ९०,००० डिपॉझिट मागितलं आणि तुम्ही कार्ड दिलं. ५०,००० खात्यातून जातात आणि ४०,००० साठी ठेव तेवढीच मोडते. उरलेल्या अडीच लाखांवर एफडीचा दर चालूच राहतो. अडीनडीच्या पैशासाठी यापेक्षा सोपी जागा मला माहीत नाही.

मिटला मात्र म्हणता येत नाही. मोडलेल्या भागावर जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचाच दर मिळतो, आणि बँकेच्या नियमाप्रमाणे त्यातूनही अर्धा-एक टक्का कापला जाऊ शकतो. सात दिवसांच्या आत मोडली तर काहीच नाही. त्यामुळे ज्या खात्यातून दर आठवड्याला मोठ्या रकमा जातात, तिथे स्वीप लावून फारसं हाती येत नाही. स्वीप पगाराच्या खात्याला नको, दुसऱ्या शांत खात्याला लावा.

तीन गोष्टी बँकेत विचारूनच सही करा: मर्यादा किती, आधी जुनी ठेव मोडते की नवी, आणि मुदत संपल्यावर ठेव आपोआप पुढे जाते का. नवी आधी मोडणारी पद्धत आपल्याला बरी, कारण जुन्या ठेवीवर जमलेलं व्याज शाबूत राहतं. आणखी एक, स्वीपमधलं व्याज करासाठी एफडीचं व्याज समजलं जातं, बचत खात्याचं नाही.

८. एफडी किंवा पोस्टात ठेवलं तर महागाई भरून निघते का? कर धरून सांगा.

प्रश्न २ मधलेच ५ लाख घेऊ. एप्रिल २०२० मध्ये पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा, म्हणजे एनएससीचा, दर ६.८ टक्के होता. पाच वर्षांनी त्याचे ६ लाख ९५ हजार झाले. महागाईसाठी लागत होते ६ लाख ५९ हजार. म्हणजे कर न भरणाऱ्याला महागाई भरून वर ३६ हजार उरले.

२० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह कर २०.८ टक्के. १ लाख ९५ हजार व्याजावर ढोबळमानाने साडेचाळीस हजार गेले आणि हातात ६ लाख ५४ हजार राहिले. जवळपास जागच्या जागी. ३० टक्क्यांच्या टप्प्यात ६ लाख ३४ हजार राहतात, म्हणजे पंचवीस हजारांची तूटच. तरी बचत खात्यातल्या ८७ हजारांच्या तुटीपेक्षा हे कितीतरी बरं.

एफडी आणि एनएससी फार तर पैसे जागच्या जागी ठेवतात. श्रीमंत कोणी होत नाही. ‘एफडीने महागाईवर मात’ असं कोणी सांगितलं तर त्याला तुमच्या कराचा टप्पा विचारायला सांगा.

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला कर लागत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांना एफडीचं व्याज आता पूर्ण मिळतं. मात्र शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या उत्पन्नाला ही सूट तशीच लागू होत नाही. बचत खात्याच्या व्याजावरची १०,००० रुपयांची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. त्यावर टीडीएस कापत नाहीत म्हणून ते करमुक्त आहे, असा मोठा गैरसमज आहे. विवरणपत्रात ते दाखवावंच लागतं.

९. पैसे अडकायला नकोत म्हणून मी एफडी करतच नाही. मध्येच मोडावी लागली तर?

मोडता येते. त्याच दिवशी पैसे मिळतात. जितकी मुदत झाली तिचा दर, वजा अर्धा-एक टक्का. समजा, सव्वासहा टक्क्यांची ठेव सात महिन्यांनी मोडली आणि त्या मुदतीचा दर पावणेसहा होता, तर एक टक्का कापूनही पावणेपाच मिळतात. काही महिने राहून मोडलेली एफडीसुद्धा न केलेल्या एफडीपेक्षा जास्त देते. ही भीती मला काउंटरवर सगळ्यांत जास्त भेटली आणि ती सगळ्यांत निराधार आहे.

खरी चूक वेगळी. सगळ्या पैशांची एकच पावती करतात. मग पन्नास हजार हवे असले तरी पाच लाखांची मोडावी लागते. त्याऐवजी लाखाच्या पाच पावत्या करा, एक ते पाच वर्षांच्या. दर वर्षी एक पिकते. नको असेल तर ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवा. दर खाली गेले तरी चार पावत्या जुन्या दराने चालू राहतात आणि वर गेले तर वर्षभरात एक तरी नव्या दराला लागते. करबचतीची पाच वर्षांची एफडी मात्र खरोखरच मोडता येत नाही. ती या हिशोबात धरू नका.

१०. काही बँका बचत खात्यावरच ६-७ टक्के देतात, आमच्या गावच्या पतसंस्थेत ठेवीवर ९ आहेत. तिकडे हलवू का?

या दोन गोष्टी एका पंगतीत बसवू नका.

स्मॉल फायनान्स बँका आणि नागरी सहकारी बँकांतल्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं विमासंरक्षण असतं: एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच झाली. तिथे साडेचार लाखांपर्यंत ठेवणं ठीक आहे. जाहिरातीतला दर बहुतेक वेळा वरच्या शिल्लकीसाठी असतो. पहिल्या लाखाला किती देतात ते बघा.

पतसंस्था ही बँक नाही. तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था महाराष्ट्रात भरपूर आहेत, पण एखादी बुडाली तर पैसे कर्जवसुलीतून मिळतील तेव्हा मिळतात. महागाई वर्षाला दोन-तीन टक्के खाते. बुडालेली ठेव एका दिवसात शंभर टक्के जाते. दोन टक्के वाचवायला शंभर पणाला लावायचे का, हे संचालक मंडळातला माणूस ओळखीचा असला तरी स्वतःला विचारा.

विमा असूनही हाल होतातच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून घरखर्चाचं आणि अडीनडीचं खातं फक्त अशाच बँकेत ठेवू नये.

११. आईचं वय ७२. सगळे १२ लाख बचत खात्यात आहेत, ‘मला कागदपत्रं नकोत’ म्हणते. काय करावं?

ज्येष्ठ नागरिक बचत योजना. पोस्टात किंवा बँकेत, ६० वर्षांवरच्यांसाठी, एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत, दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं. सगळे घालू नका. १० लाख तिथे ठेवले तर दर तिमाहीला २०,५०० रुपये आईच्या खात्यात येतात. सही एकदाच करावी लागते. तेच १० लाख बचत खात्यात वर्षाला पंचवीस हजार देतात, इथे ब्याऐंशी हजार. उरलेले दोन लाख स्वीप लावून तिच्या हाताशी राहू द्या. वारस नोंद आणि संयुक्त खातं त्याच फेरीत करून घ्या.

पण एक गोष्ट मुलं विसरतात. पाचव्या वर्षीही व्याज २०,५०० च असतं आणि मुद्दलही १० लाखच परत मिळतं. औषधं आणि मदतनीस बाईंचा पगार तोवर वाढलेला असतो. सगळं व्याज खर्च झालं, तर मुद्दल महागाईने झिजतच जातं, फक्त दिसायला ते शाबूत असतं. जमत असेल तर तिमाहीला पाच हजार बाजूला काढून त्याची आवर्ती ठेव लावा. मुदतीआधी बंद केल्यास एक वर्षाच्या आत दिलेलं व्याज परत वळतं करतात, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात.

१२. दहा-पंधरा वर्षं न लागणारे पैसे आहेत. शेअर बाजाराची भीती वाटते.

भीती रास्त आहे. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये निफ्टी साधारण ३८ टक्के पडला होता. पुढच्या तीन-चार वर्षांत लागणारे पैसे तिथे नकोतच.

बाजार नको असेल तर पीपीएफ: ७.१ टक्के, व्याजावर कर नाही, वर्षाला दीड लाखांची मर्यादा, मुदत पंधरा वर्षं. ३० टक्के कर भरणाऱ्यासाठी हा दर जवळपास दहा टक्क्यांच्या एफडीएवढा पडतो. इथे तारखेचा नियम अजून आहे. पाच तारखेपर्यंत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. थोडा धीर असेल तर निफ्टीसारख्या शेअर निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात दर महिन्याला थोडी रक्कम लावा. पंधरा वर्षांत महागाईच्या पुढे जाण्याची शक्यता तिथेच जास्त आहे, हमी मात्र नाही.

१३. घरकर्ज चालू आहे आणि खात्यात चार लाख पडून आहेत. एफडी करू का?

साडेआठ टक्क्यांनी कर्ज घेऊन अडीच टक्क्यांनी बँकेलाच परत उधार देताय, असा त्याचा अर्थ. अडीनडीचे बाजूला काढा आणि बाकीचे कर्जात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी सांगा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर या पानावरचं बाकी काहीही करण्याआधी ती फेडा.

१४. मी दुबईत असतो. गावच्या जुन्या बचत खात्यातच पैसे पाठवतो. मला काय लागू?

आधी ते खातं बदला. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. तिकडून पाठवलेले पैसे एनआरई खात्यात ठेवा. त्यातल्या एफडीचं व्याज भारतात करमुक्त आहे, त्यामुळे प्रश्न ८ मधली कराची कात्री तुम्हाला लागत नाही. एनआरई एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. पीपीएफचं नवं खातं आणि पोस्टाच्या योजना अनिवासींना उघडता येत नाहीत.

१५. सगळं वाचलं, पण सुरुवात कुठून करू? एका घराची मांडणी दाखवा.

नाशिकच्या एका ओळखीच्या काकांच्या घराची, आकडे थोडे गोल करून. खर्च महिना ४५,०००, बचत खात्यात ९,२०,०००, मुलाची इंजिनीअरिंगची फी चौदा महिन्यांनी, अडीच लाख.

७०,००० खात्यातच राहिले. १,८०,००० दुसऱ्या खात्यात स्वीपवर गेले. फीचे २,५०,००० तेरा महिन्यांच्या एफडीत, म्हणजे गरजेच्या महिनाभर आधी हातात. २,७०,००० च्या तीन पावत्या, एक, दोन आणि तीन वर्षांच्या. १,५०,००० पीपीएफमध्ये.

आधी वर्षाचं व्याज २३,००० होतं. आता एफडीला सव्वासहा टक्के धरून सगळं मिळून ५६,००० च्या आसपास जातं. ५ टक्के महागाई भरून काढायला ४६,००० लागतात. घराला कर लागत नाही, म्हणून एवढं जमलं.

काकांनी हे एका दिवसात केलं नाही. आधी फक्त फीची पावती केली. महिनाभर रोज ॲप उघडून ती जागेवर आहे ना ते पाहिलं. मग उरलेलं केलं.

१६. असे कोणते पैसे, जे बचत खात्यातच राहिलेले बरे?

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जाणारे. घराचं खरेदीखत या महिन्यात असेल तर वीस लाखही पडू देत. दोन आठवड्यांच्या व्याजासाठी नोंदणी कार्यालयाच्या दारात ‘ठेव मोडायला सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकायची वेळ आणू नका. लग्नाच्या हंगामात हॉल आणि केटरिंगचे पैसेही तसेच. आणि घरातल्या कोणावर उपचार चालू असतील तर तेवढे दिवस हा सगळा हिशोब बाजूला ठेवा.

तारीख दोन महिन्यांपलीकडे गेली की मात्र पैसे हलवा. बिल्डर ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत असेल तर ४५ दिवसांची एफडी करा. त्याचा पुढचा महिना किती लांब असतो ते मी बऱ्याच खातेदारांच्या पासबुकात पाहिलं आहे.